सदतिसावी बीप

आमच्या आबांचं एकच भाषण उपलब्ध आहे आणि त्यात ते एकटे बोलत नाहीत. दर नऊ सेकंदांनी कॅमेराही बोलतो.

२०१४ साली जवळा बाजारच्या घरी बहिणीचं लग्न होतं. हळदीच्या संध्याकाळी मांडवात आबा उठले आणि कुणी न सांगता बोलायला लागले. निजामाचं राज्य, अठ्ठेचाळीस सालची धामधूम, बहात्तरचा दुष्काळ, दुष्काळी कामावरची सुकडी, परभणी जिल्ह्यात झोपून हिंगोली जिल्ह्यात उठलेलं गाव, असं सगळं त्यात आलं. अठरा मिनिटं बोलले. सहा मिनिटं झाली आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपत आल्याची ‘टिट्’ सुरू झाली. शूटिंगवाल्याला काकांनी खुणावलं, तर तो म्हणाला, “वाजू द्या, अजून दहा मिनिटं चालती.” रात्रभर लाईट नव्हती, दुसरी बॅटरी चार्ज झालीच नव्हती, हे त्यानं जेवणं झाल्यावर सांगितलं. तिथून जवळच औंढ्याला नामदेव महाराजांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं म्हणतात. आमच्या आबांसाठी हा बाबा नुसता चार्जर आणायला फिरेना.

आबा गेले. भाषण राहिलं, टिट् राहिली. घरातल्या पोरांना ते भाषण टिट्सकट पाठ आहे. “बहात्तरच्या सा- टिट् -ली” असं ती म्हणून दाखवतात आणि ‘टिट्’ला आबांसारखीच मान हलवतात.

मी पुण्यात ऑडिओ बुकं दुरुस्त करतो. वाचणाऱ्याचा श्वास, पानाचा आवाज, खुर्चीची कुरकुर काढून टाकायची, हे माझं पोटापाण्याचं काम. घरच्यांच्या मते मी ‘रेडिओत’ आहे. तेव्हा गेल्या वर्षी आबांच्या वर्षश्राद्धाला काकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. “तू आवाजाचंच काम करतूस ना? मग ती टिकटिक काढून दे की. पुसायला कितीसा येळ लागतो?”

आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून झिजलेली प्रत आली. ती मी परत केली. असल्या प्रतीत आवाज इतका दाबलेला असतो की बीपच्या कडा आजूबाजूच्या शब्दांत पसरून जातात, साडीवर सांडलेल्या हळदीसारख्या. मग तो डाग धुवायचा म्हणजे साडीचा रंगही जाणार. शेवटी काकूंच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल सापडली. तिच्यातला आवाज मी वेव्ह फाइल करून बाजूला काढला. मूळ फाइलला त्यानंतर हात लावला नाही.

मोजलं तर बीप ऐंशी निघाल्या. प्रत्येक जेमतेम ०.१२ सेकंदाची. म्हणजे बारा मिनिटांत मिळून पुरते दहा सेकंदही ती वाजली नव्हती. तेवढ्यात तिनं एक घराणं हैराण केलं होतं. आजी सोडून. आजीला मी हेडफोन लावून ऐकवलं, तर ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, “कसली टिकटिक? मला तं काईच वाजायलंय असं वाटंना.” ते खोटं नव्हतं. वय झालं की कान वरच्या पट्टीपासून जायला लागतात आणि ही बीप नेमकी वरच्या पट्टीतली. न्यूजर्सीतल्या चुलतभावाच्या छताला धुराचा भोंगा आहे. त्याची बॅटरी उतरली की तोही मिनिटा-मिनिटाला असाच चिवचिवतो. त्याची पट्टी साधारण हीच, तीन हजार हर्ट्झच्या आसपास. म्हाताऱ्या माणसांना झोपेत ती ऐकू येत नाही, म्हणून तिकडे काही इमारतींत झोपायच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्झचा ढाला भोंगा नियमानं लावावा लागतो. आमच्या शूटिंगवाल्याला हे कळलं असतं तर त्यानं तो लावला असता आणि मग आजीही वैतागली असती.

माझा पहिला विचार हुशारीचा होता, म्हणून तो फसला. सगळ्या बीपा एकाच यंत्राच्या, एकसारख्या. मग आबा श्वास घेत असताना वाजलेली एक कोरी बीप उचलावी, ती उलटी करावी आणि बाकीच्या प्रत्येक बीपवर ठेवून द्यावी. अधिक आणि उणे मिळून शून्य. खालचा शब्द तसाच शाबूत. ऑडॅसिटीत त्यासाठी Invert नावाचा एका टिचकीचा पर्याय आहे. कागदावर याहून स्वच्छ उपाय नाही.

पण आवाज संगणकात सेकंदाला ४८,००० ठिपक्यांनी लिहिलेला असतो. तीन हजार हर्ट्झची बीप म्हणजे सेकंदाला तीन हजार हेलकावे, म्हणजे एका हेलकाव्याला फक्त सोळा ठिपके. उलटी बीप ठेवताना एका ठिपक्याची चूक झाली, तरी दहातले चार हिस्से बीप उरते, आणि आठ ठिपके चुकले की अधिकावर अधिक बसून ती दुप्पट होते. एक ठिपका म्हणजे सेकंदाचा अठ्ठेचाळीस हजारावा भाग. त्यातून कॅमेऱ्याची बीप बरोबर ठिपक्यावरच सुरू होईल असं कुणी वचन दिलेलं नसतं, ती दोन ठिपक्यांच्या मध्येही सुरू होते. पहिल्या संध्याकाळी मी नऊ बीपा ‘काढल्या’. त्यातल्या चार आधीपेक्षा मोठ्यानं वाजायला लागल्या. बायको आतून म्हणाली, “गॅसवाला आला का?”

मग मुकाट चित्राकडे वळलो. नेहमी दिसते ती आवाजाची नागमोडी पट्टी बंद करून स्पेक्ट्रोग्रॅम लावला. यात डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर पट्टी चढते आणि जिथं आवाज मोठा तिथं रंग उजळ. माणसाचं बोलणं त्यात नांगरलेल्या शेतासारखं दिसतं. एकावर एक तासं, सगळी मिळून वर-खाली वळणारी, कारण माणसाची पट्टी एका शब्दातही स्थिर राहत नाही. आणि त्या शेतात दर नऊ सेकंदांनी कुणीतरी सुतळी ताणून धरल्यासारखी एक सरळ, आडवी, तेजस्वी रेघ. ती बीप. निसर्गात इतकं सरळ काही नसतं. एका कोऱ्या बीपवर Plot Spectrum लावून पाहिलं, तर टोक बरोबर ३००० वर. वर ९००० पाशी तिची एक फिकट बहीण. बीप गुळगुळीत लहरीची नसून खटक्यानं चालू-बंद होणारी असली की तिच्या तिप्पट आणि पाचपट जागी अशी पिल्लं निघतात. खालची मारली आणि वरची राहिली, तर बीप जाते पण शब्दाच्या मागं डास राहतो.

ऐंशीपैकी एकतीस बीपा आबांच्या विरामांत पडल्या होत्या. आबा सावकाश बोलत, त्यांचे उपकार. तिथं शेजारच्याच विरामातला तेवढाच तुकडा उचलून आणायचा आणि कडा हलक्या विरघळवायच्या. निव्वळ शांतता भरायची नाही. मांडवातला पंखा, भांडी, लांबचा ट्रॅक्टर असं सगळं मागं चालू असताना मध्येच ०.१२ सेकंद सगळं जग गप्प झालं, तर ते बीपइतकंच टोचतं.

एकोणपन्नास बीपा मात्र शब्दांवर बसल्या होत्या. त्यातल्या पहिल्याच ठिकाणी माझी फजिती झाली. मी माउसनं रेघेभोवती चौकट ओढली, चांगली ऐसपैस, २००० पासून ४५०० पर्यंत, आणि आतलं सगळं पुसलं. बीप गेली. ऐकलं तर आबा म्हणत होते, “आमचं सेत होतं ओढ्याच्या वरल्या अंगाला.”

सेत.

आता यात गोम अशी आहे की ‘श’ आणि ‘स’ दोन्ही नुसती हवेची घासाघीस. फरक कुठल्या पट्टीत घासतात याचा. ‘श’ची हवा अडीच-तीन हजारांपासूनच सळसळायला लागते, ‘स’ची चार-पाच हजारांच्या वर. मी ‘श’चा खालचा अर्धा भाग कापून टाकला होता आणि उरला तो ‘स’. शहरातल्या कुणाचं रेकॉर्डिंग असतं तर ही चूक लगेच कळली असती. पण आमच्याकडं निम्मं गाव शेताला सेतच म्हणतं. काकांना ऐकवलं, तर ते खूश. “बरोबर हाय की. आबा सेतच म्हणायचे.” आत्या चिडली. “आबा सातवी पास होते. ते शेत म्हणायचे. सेत तू म्हणतूस.” पुढं दीड तास या विषयावर जे झालं ते या लेखाच्या कक्षेत येत नाही.

निकाल लावायला आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. दुरुस्त केलेला आवाज उलटा करायचा आणि मूळ आवाजावर ठेवायचा. जे दोन्हीत सारखं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतं ते फक्त आपण काढून टाकलेलं. इथं ठिपका चुकायची भीती नाही, कारण दोन्ही एकाच फाइलीतून आलेले. त्या उरलेल्यात नुसती बीप ऐकू आली तर हात साफ. माणूस ऐकू आला तर आपण माणूस कापला. मी हेडफोन आत्याच्या कानाला लावला. बीप वाजली आणि तिच्या मागं, अगदी बारीक, आबांचा ‘शऽ’. आत्यानं हेडफोन काढून काकांच्या हातात दिला. काही बोलली नाही.

मग सगळं पुसून पुन्हा बसलो. चौकट आता २९६० ते ३०४०, ऐंशी हर्ट्झची चिंचोळी. आणि पुसायचं नाही, उतरवायचं. रेघ किती उजळ आणि तिच्या वरखालचं बोलणं किती उजळ, यातला फरक बघितला. बहुतेक ठिकाणी तो चोवीस डेसिबलच्या आसपास होता. ‘Spectral edit parametric EQ’ नावाच्या हत्यारात बरोबर तेवढंच उणे घातलं. चोवीस डेसिबल म्हणजे बीपचा सोळावा हिस्सा उरला, आणि तो आबांच्या आवाजात मिसळून गेला. जास्त उतरवलं असतं तर रेघेच्या जागी काळा चर दिसला असता आणि त्या क्षणी आबा माठात तोंड घालून बोलल्यासारखे वाटले असते. ९००० च्या बहिणीलाही तसंच खाली आणलं. ऐंशी हर्ट्झची पट्टी गेल्याचं कानाला कळत नाही, कारण आबांच्या आवाजाची तासं सव्वाशे-सव्वाशे हर्ट्झच्या अंतरावर होती. त्यातलं फार तर एक तास दबतं, तेही वळताना दोन क्षणांत सुतळी ओलांडून पलीकडं जातं. पुढच्या बीपवर चौकट ओढायची, Ctrl+R दाबायचं, पुढं जायचं.

एवढं करून अभिमानानं ऐकायला बसलो, तर बीप गेली होती आणि आबा दर नऊ सेकंदांनी जीभ टाळूला लावून ‘टच्’ करत होते. एकदा नव्हे, दोनदा: ‘टच् टच्’. जणू नातवाचा संसार बघून हळहळतायत.

कारण साधं आहे. बीप एकदम सुरू होते आणि एकदम बंद होते. त्या दोन्ही क्षणी एक खटका उडतो आणि खटका एका पट्टीत राहत नाही, खालपासून वरपर्यंत सगळीकडं उडतो. मी आडवी रेघ पुसली होती, तिच्या दोन टोकांचे उभे खिळे तसेच होते. ते मला दिसले नव्हते, कारण पट्टी बारीक दिसावी म्हणून मी मोठी खिडकी लावली होती, २०४८ ठिपक्यांची. त्या खिडकीतून सेकंदाच्या पंचविसाव्या भागापेक्षा लहान गोष्ट पुसट होते. खिडकी २५६ ठिपक्यांवर आणली तशी सुतळी जाड्या दोरखंडासारखी फुगली, पण खिळे लख्ख उभे राहिले. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, हा या चित्राचा स्वभाव आहे, त्यावर औषध नाही. एक खिडकी लावून रेघ काढायची, दुसरी लावून खिळे. प्रत्येक खिळ्यावर चार-पाच मिलिसेकंदांची उभी, अरुंद चौकट आणि थोडंसं उतरवणं. जिथं खिळा ‘ट’, ‘क’ अशा अक्षरावर आला होता तिथं हात लावला नाही. त्या अक्षरांना स्वतःचाच खटका असतो, त्यात आणखी एक खपून जातो.

तिसऱ्या संध्याकाळी सगळ्या बीपा गेल्या, खिळे गेले, आणि तरी काहीतरी चुकत होतं. जिथं बीप होती तिथून पुढं सेकंदभर आबांचा आवाज बसायचा आणि हळूहळू वर यायचा. बीप नव्हती, पण तिचा श्वास होता.

हा दोष माझा नव्हता, कॅमेऱ्याच्या अतिहुशारीचा होता. असल्या कॅमेऱ्यात आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. आबा सहा फुटांवर होते आणि बीपचं यंत्र माइकपासून चार बोटांवर, त्याच डबीत. कॅमेऱ्याला वाटायचं, अरे बाप रे, कुणीतरी ओरडलं, आणि तो घाबरून सगळा आवाज खाली करायचा. मग सेकंदभर अंदाज घेत परत वर. आबांनीच मुद्दाम हळू म्हटलं नसेल कशावरून? पंख्यावरून. पंखाही त्याच सेकंदात मंदावत होता आणि पंखा काही भावनेच्या भरात बोलत नव्हता. मग प्रत्येक बीपच्या जागेपासून आवाज सात डेसिबल उचलायचा आणि सेकंदभरात उतरत्या रेषेनं शून्यावर आणायचा. पंखा सपाट घरघरायला लागला की समजायचं, माप बरोबर.

आणि याच कामात मी सदतिसाव्या बीपपाशी आलो. अकरा मिनिटं चोवीस सेकंद.

हे ठिकाण घरात प्रसिद्ध आहे. आबा नातवंडांवर बोलत असतात. “सगळी नातवंडं गुणाची. पण एका टिट् … च्याला बांधावर उभं केलं, तरी हळद कोणची अन् अद्रक कोणतं, हे सांगता यायचं नाही.” मांडवात हशा. आता हळद आणि आल्याचं रोप पानांवरून खरंच एकसारखं दिसतं, पण हळदीच्या गावातल्या पोराला ते ओळखता न येणं म्हणजे आडनाव काढून घेण्यासारखं. आणि नाव नेमकं टिट्खाली. न्यूजर्सीचा सोडला तर बाहेरगावी असलेले नातू आम्ही तिघं. नांदेडचा, परभणीचा आणि मी. दहा वर्षं मी नांदेडच्याला या वाक्यावरून चिडवत आलोय. नांदेडचा परभणीच्याला चिडवतो. काकांचा तर्क होता की आबांनी शिवीच दिली असणार आणि शूटिंगवाल्यानं टीव्हीवाल्यांसारखी वरून बीप टाकली. त्यांना मी सांगून पाहिलं की टीव्हीवरची ती शिवी झाकायची बीप हजार हर्ट्झची असते, ही तीन हजारांची आहे. त्यांचं म्हणणं, मोठी शिवी असेल.

इथली रेघ उतरवून आणि खिळे काढून आधीच झाले होते. शब्द अजून बसकाच होता. मग आवाज सात डेसिबल उचलला.

खरं म्हणजे त्या बीपनं नाव कधी झाकलंच नव्हतं. ‘पु’ हा सगळा ओठांचा मामला. त्याचं मुख्य सामान हजार हर्ट्झच्या खाली, बीपपासून कितीतरी तासं खाली, सुखरूप पडून होतं. त्याला दाबलं होतं ते घाबरलेल्या कॅमेऱ्यानं. दाब काढला तसे आबा माझ्या हेडफोनमध्ये, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, स्वच्छ, ठाम, आणि वाटलं त्यापेक्षा बऱ्याच आनंदानं म्हणाले, “एका पुण्याच्याला.”

मी तीनदा ऐकलं. आवाज उचलण्याआधीच्या प्रतीवर उरलेल्याची चाचणीही करून पाहिली. उरलेल्यात नुसती बीप होती. हात साफ होता.

फाइल गेल्या महिन्यात घरी पाठवली. काकांनी ती मोठा स्पीकर लावून अंगणात सगळ्यांना ऐकवली. आत्याला ‘शेत’ ऐकू आलं. पोरं नाराज आहेत, त्यांची टिट् गेली. ऐंशीपैकी एकोणऐंशी बीपा निघाल्या आहेत. सदतिसावी फार अवघड जागी होती, ती काही केल्या निघत नाही, असं मी घरी कळवलं आहे.